पुणे–नागपूर : रात्रीची गाडी निवडताना

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या स्लीपर गाड्यांची यादी मोबाईलवर उघडली, की ती संपता संपत नाही. प्रत्येक गाडीसमोर भाडं असतं, प्रवाशांनी दिलेले तारे असतात आणि प्रवासाला लागणारे तास असतात. बहुतेक जण भाडं बघतात, जरा चोखंदळ माणसं तारे बघतात. तासांकडे बघितलंच तर सगळ्यात कमी तासांची गाडी शोधायला. माझ्या मते रात्रीची गाडी निवडताना सगळ्यात आधी तासच बघावेत, आणि तेही उलट्या नजरेने. सगळ्यात लवकर पोहोचवणारी गाडी यादीतून आधी काढून टाकावी.

याचा हिशेब अवघड नाही. वाघोलीहून छत्रपती संभाजीनगर साधारण सव्वादोनशे किलोमीटर आहे. शिक्रापूर, रांजणगावची गर्दी आणि अहिल्यानगरच्या आसपासचे ट्रक धरले तर संध्याकाळी या रस्त्यावर बसला ताशी चाळीस-पंचेचाळीसची सरासरी मिळते. म्हणजे पाच तास गेले. पुढे समृद्धी महामार्गाने नागपूर सुमारे साडेचारशे किलोमीटर. मोकळा, सरळ रस्ता. पण प्रवासी बसला वेगनियंत्रक बसवणं बंधनकारक आहे आणि तो ताशी 80 किलोमीटरवर बांधलेला असावा लागतो. सरासरी पंचाहत्तरची धरली तर सहा तास. जेवणाचा थांबा, मध्यरात्रीचा एक चहा-लघुशंकेचा थांबा, असा एखादा तास. झाले बारा. नागपुरात शिरल्यावर तुमच्या चौकापर्यंत आणखी थोडा वेळ. तेव्हा वाघोली ते नागपूर साडेबारा तास सांगणारा मालक खरं बोलतोय.

आता दहा तास सांगणाऱ्या गाडीचं बघा. तिला अडीच तास कुठून तरी काढायचे आहेत. नगर रोडवर ते निघत नाहीत, तिथे सगळेच अडकतात. थांबे कापून फार तर अर्धा तास निघेल. उरलेले दोन तास समृद्धीवरच निघणार, म्हणजे साडेचारशे किलोमीटर चार तासांत, ताशी एकशेदहाच्या पुढे. याचा अर्थ गाडीचा वेगनियंत्रक काढलेला आहे किंवा त्याच्याशी छेडछाड झालेली आहे. हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. आडवं पडल्या पडल्या मोबाईलवर नकाशा उघडला तरी वेग दिसतो.

वेळेचा हा हिशेब ड्रायव्हरशीही जोडलेला आहे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानुसार चालकाचं काम दिवसाला आठ तासांचं. लांब पल्ल्याच्या मार्गांवर परवानगीने ते दहा तासांपर्यंत वाढवता येतं. साडेबारा तासांच्या प्रवासाला दोन ड्रायव्हर हवेत हे त्यातून उघडच होतं. प्रत्यक्षात अनेक गाड्यांवर दुसरा म्हणून जो दाखवतात तो क्लीनर असतो. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर झोप मागतंच, त्यात समृद्धीसारखा एकसुरी रस्ता, ना वळण, ना गाव, ना सिग्नल. म्हणून तिकीट काढण्याआधी मी एक फोन करायला सांगतो, आणि तो ॲपच्या कस्टमर केअरला नाही, ट्रॅव्हल्सच्या बुकिंग ऑफिसला. माझ्या मावसबहिणीने दिवाळीत नागपूरला जाण्यासाठी असाच फोन केला होता.

“दादा, नागपूरच्या सातच्या गाडीवर ड्रायव्हर किती असतात?”

“दोन असतात ताई.”

“दुसरा कुठे चार्ज घेतो?”

“जालन्याच्या आधी. जेवणानंतर तो झोपतो, मग पुढची गाडी तोच काढतो.”

“आणि गाडी तुमची स्वतःची का अटॅच?”

इथे पलीकडचा माणूस जरा थांबला. मग म्हणाला, “ही अटॅच आहे. आपली स्वतःची साडेआठची आहे.”

तिने साडेआठचं तिकीट काढलं. ‘दोन असतात’ हे कुणीही सांगेल, पण चार्ज कुठे बदलतो या प्रश्नाला खरं उत्तर असेल तर जागेचं नाव पटकन येतं. नसेल तर ‘ते बघतात ड्रायव्हर लोक आपसात’ असं काहीतरी ऐकू येतं.

अटॅच गाडी ही भानगड प्रवाशांना फारशी माहीत नसते. एखाद्या ट्रॅव्हल्सचं नाव मोठं झालं, की त्या नावाखाली लहान मालक आपल्या एक-दोन गाड्या लावतात. तिकीट मोठ्या नावाचं, रंगही तोच, पण टायर कधी बदलायचे, ड्रायव्हर कुणाला ठेवायचं हे ठरवणारा माणूस वेगळा. अटॅच गाडी वाईटच असते असं नाही, पण ज्या नावावर भरवसा ठेवून पैसे दिले तो भरवसा तिला आपोआप लागू होत नाही. म्हणून ट्रॅव्हल्सचं एकूण नाव किती मोठं आहे यापेक्षा त्या ठरावीक वेळेच्या गाडीचं काय चाललंय हे बघावं. ॲपवर तारे प्रत्येक सेवेला वेगळे दिसतात. सात वाजताच्या गाडीला चार आणि साडेआठच्या गाडीला साडेचार असू शकतात, आणि त्या फरकामागे बहुतेक वेळा मालक वेगळा असतो.

ताऱ्यांचीही एक अडचण आहे. प्रवासी चादर, एसी, चार्जिंग आणि वेळ यांना तारे देतात, टायर कुणी बघत नाही. एकशेदहाने पळवलेल्या गाडीलाही ‘एक तास आधी पोहोचलो, मस्त’ म्हणून पाच तारे मिळतात. त्यामुळे मी पाच ताऱ्यांचे अभिप्राय वाचत नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांतले एक आणि दोन तारेवालेच वाचतो. एसी बंद होता, ब्लँकेटला वास होता, गाडी उशिरा आली, हे सगळ्यांच्याच वाट्याला कधी ना कधी येतं. पण ‘ऐनवेळी दुसरी गाडी दिली’, ‘ड्रायव्हर रात्रभर फोनवर बोलत होता’, ‘बुलढाण्याजवळ तीन तास बंद पडली’, ‘वाटेत भरपूर पार्सल चढवलं’ अशा तक्रारी दोन-तीन वेगवेगळ्या माणसांनी केलेल्या असतील तर ती सेवा सोडून द्यावी. ऐनवेळी दुसरी गाडी देण्यामागे बऱ्याचदा एकच कारण असतं. दोन गाड्यांची बुकिंग कमी झाली की त्या एकत्र करतात आणि सिंगल बर्थवाल्याला डबलमध्ये ढकलतात.

आणखी एक बाब आधीच कळू शकते. रात्रीची सेवा साधारणपणे गाड्यांच्या जोडीवर चालते. एक गाडी पुण्याहून निघते, दुसरी नागपूरहून, आणि रोज त्यांची अदलाबदल होते. म्हणजे आज संध्याकाळी तुम्ही ज्या गाडीत बसणार ती आज सकाळीच नागपूरहून पुण्यात आलेली असते. ती आठ वाजता आली तर धुणं, डिझेल, टायरची हवा, ड्रायव्हरची झोप, सगळ्याला वेळ मिळतो. तीच गाडी वाटेत रखडून दुपारी दोनला आली आणि सहाला पुन्हा निघाली तर काहीतरी राहून जातं, आणि बहुधा ती झोप असते. बऱ्याच ॲपवर चालू गाडीचा ठावठिकाणा दिसतो. प्रवासाच्या दिवशी सकाळी समोरून येणारी गाडी किती वाजता पोहोचली हे बघायला दोन मिनिटं लागतात. खूप उशीर झाला असेल तर ऑफिसला फोन करून तेच ड्रायव्हर परत निघणार आहेत का हे स्पष्ट विचारावं.

या जोडीचा दुसरा फायदा गाडीच्या नंबराबाबत होतो. नंबर अधिकृतपणे एसएमएसने येतो तो निघण्याच्या काही तास आधी, आणि तेव्हा तिकीट रद्द केलं तर फारसं काही हाती लागत नाही. पण नेहमी कोणत्या दोन गाड्या या वेळेला असतात हे ऑफिसमध्ये आदल्या दिवशीही सांगतात. नंबर मिळाला की एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये टाकावा. नोंदणी कधीची आहे, फिटनेस कधीपर्यंत, विमा आणि पीयूसी चालू आहे का, हे समोर येतं. आठ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला फिटनेस दरवर्षी करून घ्यावं लागतं, तेव्हा जुन्या गाडीची ही तारीख नीट बघावी. नंबर नागालँडचा किंवा दमणचा दिसला तर दचकू नये. कराच्या आणि परमिटच्या सोयीसाठी बाहेरच्या राज्यात नोंदवलेल्या कितीतरी गाड्या महाराष्ट्रात धावतात. मात्र कागद पुरे असले म्हणजे गाडीची अंतर्गत रचना नियमात आहे असं होत नाही. 24 ऑक्टोबर 2025 ला हैदराबादहून बंगळुरूला जाणारी बस कुर्नूलजवळ पेटली आणि 19 प्रवासी गेले. ती गाडी सीटर म्हणून नोंदवलेली आणि नंतर स्लीपर केलेली असल्याचं पुढे आलं. त्याच्या दहाच दिवस आधी जैसलमेरहून जोधपूरला निघालेल्या बसमध्ये वीसहून अधिक माणसं गेली होती. बर्थ बसवताना बाहेर पडण्याच्या वाटा अरुंद होतात किंवा बुजवल्या जातात, आणि हे फक्त आत चढल्यावर, डोळ्यांनीच दिसतं.

बर्थचा प्रश्न त्यामुळे दोन्ही अंगांनी बघावा लागतो, आरामाच्या आणि बाहेर पडण्याच्या. आरामाचं म्हणाल तर दोन चाकांच्या मधला भाग सगळ्यात शांत. मागच्या चाकांच्या पलीकडे गाडीचा जो भाग लोंबतो तिथे प्रत्येक खड्ड्याला माणूस उडतो, आणि इंजिन मागे असलेल्या गाडीत तिथे धडधड आणि उष्णताही असते. वरच्या बर्थवर झोका जास्त बसतो, गाडी लागणाऱ्यांनी वर जाऊ नये. एसी मात्र वर जास्त लागतो. मल्टिॲक्सल गाडीत आणि एअर सस्पेन्शनच्या गाडीत हा सगळा त्रास कमी होतो, पाट्यांच्या गाडीत तो वाढतो. एकट्या बाईने सिंगल बर्थ घ्यावा, हे सांगायला नको. तो नसेल तर शेजारी फक्त महिलाच येईल अशी सोय ॲपवर निवडता येते का ते बघावं, आणि गाडी बदलली तरी ती सोय राहणार का हे फोनवर विचारून ठेवावं.

बाहेर पडण्याच्या दृष्टीने खालचा, मधला बर्थ चांगला. अंधारात, धुरात वरून उतरायला जो वेळ लागतो तो खाली लागत नाही, आणि धूर आधी छताशी साचतो. उजवीकडचा का डावीकडचा, यावर मात्र मी थोडा रेंगाळणार आहे. 30 जून 2023 ला नागपूरहून पुण्याला निघालेली बस मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धीवर उलटली आणि पेटली. 25 जण गेले. गाडी डाव्या अंगावर पडली होती, म्हणजे प्रवाशांचं एकुलतं एक दार जमिनीखाली दबलं. जे वाचले त्यांतले काही खिडकीची काच फोडून बाहेर आले. आपल्या सगळ्या बसगाड्यांना दार डावीकडेच असतं. तेव्हा बर्थ कुठलाही मिळो, दाराखेरीज दुसरी वाट कोणती हे गाडी उभी असतानाच ठरवून ठेवावं. उजव्या बाजूला किंवा मागे आपत्कालीन दार किंवा खिडकी असते, बऱ्याच गाड्यांना छतातही झडप असते. ती वाट आपल्या बर्थपासून किती बर्थ मागे किंवा पुढे आहे हे हाताने चाचपून मोजावं, कारण धुरात दिसत नाही. मागची खिडकी बर्थच्या पाठीने किंवा गाद्यांच्या ढिगाने झाकलेली असेल तर ती नाहीच असं समजावं.

हातोडीचंही तसंच. लाल रंगाची छोटी हातोडी खिडकीजवळच्या खोबणीत असायला हवी. अनेक गाड्यांत फक्त खोबण असते, हातोडी चोरीला गेलेली असते. ती ड्रायव्हरच्या केबिनमध्ये असेल तर उपयोग नाही. नसेल तर अशी छोटी हातोडी बाजारात मिळते, स्वतःची जवळ बाळगावी. काच फोडताना लोक मध्यभागी मारतात, आणि मध्ये काच लवचिक असल्यामुळे घाव परत येतो. कोपऱ्यात, चौकटीच्या जवळ मारावा. बाजूच्या काचा कडक केलेल्या असतात, एकदा तडा गेला की सगळी काच बारीक तुकड्यांत फुटते. पण वर काळी फिल्म लावलेली असेल तर ते तुकडे तिला धरून राहतात, मग उशी पुढे धरून पायाने ढकलावं लागतं. पुढची मोठी काच दोन थरांची असते, ती या हातोडीने फुटत नाही. झोपताना पाय ड्रायव्हरच्या दिशेने ठेवावेत. जोरात ब्रेक लागला किंवा गाडी धडकली तर पुढे सरकणाऱ्या शरीराचा भार पायांवर यावा, डोक्यावर नाही.

आता चढण्याचं ठिकाण. पुण्यात नागपूरची गाडी निगडीहून निघते, नाशिक फाटा, संगमवाडी, खराडी बायपास असं करत वाघोलीपर्यंत माणसं गोळा करते. शुक्रवारी यात सहज दोन तास जातात. खराडी-हडपसरकडे राहणाऱ्याने ‘संगमवाडी म्हणजे मुख्य स्टॉप’ म्हणून तिकडे जाणं व्यर्थ आहे, त्याने वाघोलीला चढावं. पण शेवटच्या स्टॉपला एक धोका असतो. गाडी तासभर उशिरा येते, फोन लागत नाही, आणि उभं राहायला धड जागा नसते. म्हणून ॲपवरचं नुसतं नाव बघून थांबू नये, तिथे ऑफिस आहे, पेट्रोल पंप आहे, का नुसता पुलाचा कठडा, हे विचारावं. बाईमाणसाला किंवा म्हाताऱ्यांना रात्री सोडायला जाणाऱ्यांनी ऑफिस असलेला स्टॉप निवडावा, अर्धा तास आधीचा असला तरी चालेल. स्वारगेट, कात्रज, वारजे असे स्टॉप नागपूरच्या गाडीला लावलेले दिसले तर तिथे गाडी येतच नाही, छोटी पिकअप गाडी येते आणि मोठ्या गाडीपर्यंत सोडते. पिकअपचा आणि मोठ्या गाडीचा असे दोन्ही नंबर घ्यावेत.

वाटेत चढणाऱ्यांची गल्लत तारखेत होते. संभाजीनगर, जालन्याला गाडी साडेबारा-एकला येते. शुक्रवारी रात्री प्रवास करायचा म्हणून शुक्रवारची तारीख टाकली, तर जी गाडी दिसते ती गुरुवारी पुण्याहून निघून शुक्रवारी रात्री साडेबाराला तिथे आलेली असू शकते, म्हणजे तुम्ही जायच्या आदल्याच रात्री ती निघून गेलेली असते. तिकिटावर चढण्याची वेळ आणि त्याखालची तारीख दोन्ही वाचावी आणि ऑफिसला ‘शनिवारी पहाटेची ना?’ असं तोंडाने विचारावं.

गाडी समोर आली की आत शिरण्याआधी एक चक्कर मारायची. पुढचे टायर बघायचे, त्यांची नक्षी गुळगुळीत झालेली असेल तर ती आपल्यालाही कळते. डिकीत काय भरताहेत ते बघायचं. खासगी गाड्यांचा पार्सलचा धंदा मोठा आहे, आणि त्यात दुचाकीसुद्धा टाकीतल्या पेट्रोलसकट आडवी घालतात. कुर्नूलच्या गाडीतही मोबाईल फोनचं मोठं पार्सल होतं असं पुढे आलं. टपावर ताडपत्रीखाली डोंगर रचलेला असेल तर आधीच उंच असलेली गाडी वळणावर आणखी कलते. आत गेल्यावर अग्निशामक नळकांडं कुठे आहे आणि त्याच्या काट्याची सुई हिरव्या भागात आहे का ते बघावं. रात्री चार्जिंगला लावलेला फोन किंवा पॉवर बँक उशीखाली ठेवू नये. सगळा बर्थ फोम, रेक्झिन आणि प्लायचा असतो, त्याला पेटायला फारसं काही लागत नाही.

समोर आलेली गाडी तिकिटावरच्या प्रकाराची नसेल, एसीच्या जागी नॉनएसी किंवा सिंगलच्या जागी डबल दिला असेल, तर चढण्याआधी गाडीचा, नंबर प्लेटचा आणि बर्थचा फोटो काढून ॲपवर तक्रार टाकावी. आत बसून नागपूर गाठल्यावर केलेल्या तक्रारीला ‘प्रवास पूर्ण केला’ हे उत्तर मिळतं. भाड्याचंही असंच आहे. एप्रिल 2018 मध्ये राज्य सरकारने खासगी गाड्यांच्या भाड्याला कमाल मर्यादा घातली, एसटीच्या त्याच प्रकारच्या गाडीच्या दीडपट. दिवाळीत ती सर्रास ओलांडली जाते. तिकिटाचा स्क्रीनशॉट आणि एसटीचं त्या दिवसाचं भाडं जोडून आरटीओकडे तक्रार करता येते.

आणि रात्री अडीचला जाग आली, गाडी पट्ट्यावरून इकडेतिकडे सरकतेय किंवा एकाएकी ब्रेक लागताहेत असं जाणवलं, तर पडून राहू नये. केबिनमध्ये जाऊन ड्रायव्हरशी दोन वाक्यं बोलावीत. “भाऊ, पुढच्या पंपावर थांबवा, पाय मोकळे करू,” एवढं पुरे. त्याला उत्तर द्यायला वेळ लागला किंवा डोळे तांबारलेले दिसले तर दुसऱ्या ड्रायव्हरला उठवायला सांगावं, आणि दुसरा नाहीच असं कळलं तर शेजारच्या दोघा-तिघांना जागं करून गाडी पंपावर उभी करायला लावावी. ऐकलं नाही तर 112 ला फोन करून गाडीचा नंबर आणि समृद्धीच्या कडेच्या पाटीवरचा किलोमीटरचा आकडा सांगावा.